अरबी आज्ञार्थ : मराठी अभ्यासपुस्तिकेच्या नवव्या प्रकरणाच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

आज्ञार्थाचे प्रकरण पुन्हा लिहावे लागणार, हे आज कालच्या चाचणीचे कागद तपासताना नक्की झाले. ‘बोल’ या अर्थी अरबीत क़ुल् असे म्हणतात. पाच विद्यार्थ्यांपैकी तिघांनी उक़ूल् असे लिहिले आहे. चूक सारखीच आहे, म्हणजे तिचे मूळ विद्यार्थ्यांत नसून माझ्या मांडणीत असावे. जुन्या मसुद्यात मी प्रत्येक प्रकारच्या धातूसाठी आज्ञार्थाचा वेगळा तक्ता दिला होता आणि तक्त्याच्या वर वेगळा नियम लिहिला होता. तिघांनी पहिल्या तक्त्यातला नियम लक्षात ठेवला आणि तोच पुढच्या सगळ्या धातूंना लावला.

मराठीतून अरबीकडे येणाऱ्याला आज्ञार्थ सोपा वाटतो, त्याला कारण आहे. मराठीत एकट्या ‘तू’ला सांगताना धातू आहे तसाच वापरला की आज्ञा होते : बोल, बस, ऊठ, दे. अरबी धातू मात्र तोंडाने उच्चारता येईल अशी वस्तूच नव्हे. क़-व-ल् ही तीन व्यंजने आहेत, आणि त्यांच्यामध्ये स्वर कोणते येणार हे रूप ठरवते. त्यामुळे आज्ञार्थासाठी धातूकडे न जाता एखाद्या तयार रूपाकडे जावे लागते. ते रूप म्हणजे मज्ज़ूम, अर्थात चालू क्रियापदाचे शेवटचा स्वर गाळलेले रूप. हेच रूप निषेधाच्या ‘ला’नंतर येते आणि ‘लम्’ या नकारानंतरही येते.

नव्या प्रकरणाचा सांगाडा आजच लिहून ठेवते. मध्यमपुरुषी मज्ज़ूम रूप घ्यावे. त्याचा आरंभीचा त- काढून टाकावा. जे उरेल त्याच्या पहिल्या व्यंजनाला स्वर असेल तर काहीही करू नये; स्वर नसेल तर उच्चाराच्या आधारासाठी पुढे एक स्वर जोडावा. हा आधार म्हणजे वस्लाचा हम्ज़ा. धातूच्या मधल्या व्यंजनावर ‘उ’ असेल तर आधार ‘उ’ घ्यावा, नाहीतर ‘इ’ घ्यावा.

सबळ धातूवर, म्हणजे ज्याच्या व्यंजनांत व् किंवा य् नाही अशा धातूवर, हे करून पाहू. ‘तू लिहितोस’ हे तक्तुबु, मज्ज़ूम तक्तुब्. त- काढल्यावर क्तुब् उरते. अरबी शब्दाचा आरंभ जोडाक्षराने होत नाही, म्हणून आधार हवा. मधे ‘उ’ आहे, म्हणून उक्तुब्. तज्लिस् वरून इज्लिस्, म्हणजे ‘बस’. तफ़्तह् वरून इफ़्तह्, म्हणजे ‘उघड’. इथे मधे ‘अ’ आहे, तरी आधार ‘इ’च येतो.

माझे म्हणणे असे की दुर्बल धातूंसाठी याहून वेगळा नियम लागतच नाही. जे काही गळायचे किंवा आखडायचे ते मज्ज़ूम रूपातच होऊन गेलेले असते. उक़ूल् लिहिणाऱ्यांनी मज्ज़ूम रूप बनवण्याचा टप्पा गाळला आणि थेट तक़ूलु या रूपातून तुकडा कापला, एवढीच त्यांची चूक आहे.

६ ऑगस्ट २०२५

आजचा दिवस लिपीच्या निर्णयात गेला, आणि तो जायलाच हवा होता. पुस्तिकेत अरबी रूपे देवनागरीत द्यायची आहेत, कारण पहिल्या सहा महिन्यांत विद्यार्थ्यांची अरबी लिपीवर नजर बसलेली नसते. पण मराठी शुद्धलेखनाच्या सवयी इथे अर्थच बदलून टाकतात.

पहिली सवय शेवटच्या इकार-उकाराची. आपण ‘कवी’ आणि ‘गुरू’ लिहितो. शब्दाच्या अंती इ-उ दीर्घ लिहायची, हे हाताला वळण पडलेले आहे. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी पहिल्या मसुद्यात इर्मि हा शब्द सगळीकडे इर्मी असा सुधारून दिला होता. त्यांच्या बाजूने ते योग्यच होते. पण अरबीत इर्मि म्हणजे पुरुषाला ‘फेक’ आणि इर्मी म्हणजे स्त्रीला ‘फेक’. एका वेलांटीने आज्ञा कोणाला दिली तेच बदलले.

दुसरी सवय शेवटच्या ‘अ’ची. मराठीत ‘घर’ लिहून आपण घर् म्हणतो. अरबीत मात्र शेवटी व्यंजन आहे की ऱ्हस्व ‘अ’ आहे, यावरच आजचे प्रकरण उभे आहे. म्हणून ठरवले की जिथे व्यंजनाने शब्द संपतो तिथे पाय मोडायचाच, आणि जिथे पाय मोडलेला नाही तिथे ‘अ’ स्पष्ट उच्चारायचा. नम् म्हणजे ‘झोप’, त्यात म्-नंतर काही नाही. इन्स म्हणजे ‘विसर’, त्यात स-नंतर ऱ्हस्व ‘अ’ आहे. प्रकरणाच्या आरंभी हा खुलासा ठळक चौकटीत टाकला आहे, आणि मुद्रितशोधनासाठी वेगळी चिठ्ठी जोडली आहे.

९ ऑगस्ट २०२५

पोकळ धातू घेतले, म्हणजे ज्यांचे मधले व्यंजन ‘वाव’ म्हणजे व् किंवा ‘या’ म्हणजे य् आहे ते. परंपरेत यांना अज्वफ म्हणतात. शब्दाचा अर्थही ‘आतून पोकळ’ असाच आहे.

तक़ूलु म्हणजे ‘तू बोलतोस’. मज्ज़ूम करताना शेवटचा ‘उ’ काढला की तक़ूल् उरते. आता शेवटचे अक्षर क़ूल् असे झाले, म्हणजे दीर्घ स्वर आणि त्याच्यामागे लगेच स्वरहीन व्यंजन. लिखित अरबीला अशी अवस्था सहसा चालत नाही; ती दीर्घ स्वर ऱ्हस्व करून टाकते. म्हणून मज्ज़ूम तक़ुल्. त- काढा : क़ुल्. पहिल्या व्यंजनावर स्वर आहेच, म्हणून आधाराची गरज नाही. उक़ूल् मधल्या दोन्ही चुका, आधाराचा ‘उ’ आणि दीर्घ ‘ऊ’, या एका ओळीत दिसून येतात.

मग स्त्रीला सांगायचे तर काय? मज्ज़ूम तक़ूली, म्हणून आज्ञा क़ूली. इथे ल्-ला स्वतःचा स्वर आहे, त्यामुळे क़ू हे अक्षर मोकळे राहिले आणि दीर्घ स्वर टिकला. दोघांना क़ूला, अनेक पुरुषांना क़ूलू. अनेक स्त्रियांना मात्र क़ुल्न, कारण तिथे ल् पुन्हा स्वरहीन होतो आणि आखडण्याचे कारण परत येते. पाच रूपांत तीन दीर्घ, दोन ऱ्हस्व, आणि ती पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक वेळी ल्-वर स्वर आहे की नाही एवढे पाहिले की पुरते. ‘चाल’ या अर्थी सिर्, सीरी, सीरा, सीरू, सिर्न. ‘झोप’ या अर्थी नम्, नामी, नामा, नामू, नम्न.

उदाहरणासाठी कुराणातल्या २९व्या अध्यायाच्या २०व्या आयतीचा आरंभ निवडला : क़ुल् सीरू फ़िल्-अर्ज़ि फ़न्ज़ुरू, म्हणजे ‘सांग, पृथ्वीवर फिरा आणि पाहा’. एका छोट्या वाक्यात तीन आज्ञा आहेत. पहिली एकवचनी पोकळ, म्हणून ऱ्हस्व. दुसरी अनेकवचनी पोकळ, म्हणून दीर्घ. तिसरी सबळ, एरवी उन्ज़ुरू, पण आधी ‘फ़’ आल्यामुळे आधाराचा ‘उ’ उच्चारातून गळाला. आधार हा आधारच असतो. मागच्या शब्दाचा स्वर टेकायला मिळाला की तो बाजूला होतो. याहून नेमके उदाहरण मला शोधूनही सापडले नसते.

संध्याकाळी एक शंका मनात आली आणि ती पुस्तिकेत घातली. क़ुल्-च्या पुढे ‘अल्’ने सुरू होणारा शब्द आला तर ल्-ला तात्पुरता ‘इ’ मिळतो. १८व्या अध्यायात २९व्या आयतीत व क़ुलिल्-हक़्क़ु असे आहे. आता ल्-वर स्वर आला, तर दीर्घ ‘ऊ’ परत यायला नको का? येत नाही. तो ‘इ’ केवळ दोन शब्द जोडण्यापुरता पाहुणा असतो, रूपाचा घटक नसतो. आणि पाहुण्या स्वरामुळे रूप बदलत नाही. क़ूली मधला ‘ई’ हा रूपाचा घटक आहे, म्हणून तिथे ‘ऊ’ टिकतो.

१२ ऑगस्ट २०२५

पोकळ धातूंचा पाठ आज वर्गात घेतला. गटातले रत्नागिरीचे काका वीस वर्षे कुवेतमध्ये होते आणि बोलीत ते माझ्यापेक्षा कितीतरी सहज आहेत. फळ्यावर क़ुल् लिहिले तसे ते म्हणाले, “ताई, हे जरा पुन्हा बघा. तिथे आम्हांला सगळे ‘गूल्’ म्हणायचे, लांब. ‘शूफ़्’, ‘जीब्’, सगळं लांबच. क़ुल् असं आखडून कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.”

काकांचे कान बरोबर होते, आणि हा मुद्दा माझ्या मसुद्यात नव्हता. आखाती बोलीत आणि इतरही अनेक बोलींत शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वरानंतर एक स्वरहीन व्यंजन चालते. आखडण्याचे कारणच तिथे उरत नाही, म्हणून स्वर दीर्घ राहतो. ज्यांनी लिखित अरबी आधी शिकली त्यांना गूल् ही चूक वाटते, आणि ज्यांनी बोली आधी ऐकली त्यांना क़ुल् अपुरे वाटते. दोघांचाही गैरसमज एकाच ठिकाणी सुटतो : दोन्ही ठिकाणी आज्ञार्थ सारख्याच रीतीने निघतो, फरक फक्त अक्षराच्या बांधणीत आहे.

काकांना मी विचारले की बाईमाणसाला सांगताना काय म्हणायचे. ते लगेच म्हणाले, “गूली.” मग त्यांना दाखवले की हा दीर्घ ‘ऊ’ लिखित भाषेतही आहे, क़ूली आणि गूली यांत फक्त पहिल्या व्यंजनाचा फरक. त्यांची अडचण केवळ ज्या दोन रूपांत व्यंजन स्वरहीन होते तेवढ्यापुरती आहे. ही ओळ परिच्छेदाच्या रूपात प्रकरणात घेतली, कारण कोकणातून आखातात जाऊन आलेले अनेक जण ही पुस्तिका हातात घेतील आणि त्यांची सुरुवात कोऱ्या पाटीने होणार नाही.

१६ ऑगस्ट २०२५

अंत्यदुर्बल धातू, म्हणजे नाक़िस. शेवटचे व्यंजन वाव किंवा या. प्रकरणातला सर्वांत दाट भाग हाच आहे, आणि आज जवळजवळ सगळा दिवस यावर बसले.

इथे मज्ज़ूम रूप शेवटचा दीर्घ स्वर ऱ्हस्व करते. सबळ धातूत गाळायला शेवटचा स्वर असतो. इथे शेवटी दीर्घ स्वरच आहे, तर त्याचा अर्धा भाग जातो असे समजावे. तर्मी (तू फेकतोस) वरून तर्मि, म्हणून आज्ञा इर्मि. तत्लू (तू वाचून ऐकवतोस) वरून तत्लु, म्हणून उत्लु. तन्सा (तू विसरतोस) वरून तन्स, म्हणून इन्स. तिन्ही ठिकाणी त- काढल्यावर जोडाक्षर समोर येते, म्हणून आधार लागतो.

स्त्रीला सांगताना चालू रूप तर्मीन, मज्ज़ूम करताना शेवटचा न गळतो आणि तर्मी उरते, आज्ञा इर्मी. म्हणजे तर्मी हे एकच लेखन दोन जागी येते : पुरुषाचे साधे वर्तमान रूप आणि स्त्रीचे मज्ज़ूम रूप. विद्यार्थी पुरुषाला आज्ञा देताना साध्या वर्तमानातून कापतो, तेव्हा नेमका स्त्रीचा आज्ञार्थ हाती येतो. ही चूक ओळखायची खूण अशी की वाक्यात समोर पुरुष आहे आणि आज्ञा मात्र दीर्घ स्वराने संपते. तन्सा गटात स्त्रीचे रूप इन्सै आणि अनेक पुरुषांचे इन्सौ. इथे आपले ऐ आणि औ अगदी नेमके उपयोगी पडतात, कारण मराठीत ते ‘अइ’ आणि ‘अउ’ असेच उच्चारले जातात.

आता आधाराच्या स्वराची गोष्ट. सांगाड्यातला नियम असा होता की मधल्या व्यंजनावर ‘उ’ असेल तर आधार ‘उ’. अनेक पुरुषांना ‘फेका’ म्हणायचे तर मज्ज़ूम तर्मू, उरलेले र्मू. म्-वर ‘ऊ’ दिसतो आहे, मग उर्मू का नाही? बरोबर रूप इर्मू आहे. उलट बाजूने, स्त्रीला ‘वाचून ऐकव’ म्हणायचे तर तत्ली वरून र्‍हस्व आधार ‘इ’ घ्यावासा वाटतो, पण बरोबर रूप उत्ली आहे.

याचे कारण असे की दिसणारा स्वर धातूचा नव्हे, प्रत्ययाचा आहे. तर्मून हे मुळात तर्मियून. या गळाला, त्याच्याबरोबर म्-वरचा स्वतःचा ‘इ’ गेला आणि प्रत्ययाचा ‘ऊ’ म्-ला येऊन चिकटला. तसेच तत्लीन हे मुळात तत्लुवीन. ल्-वरचा ‘उ’ गेला आणि प्रत्ययाचा ‘ई’ आला. आधार मात्र मुळच्या स्वराकडे पाहून ठरतो. कुराण पठणाच्या शिक्षणात हा मुद्दा वेगळा शिकवला जातो : ३८व्या अध्यायाच्या ६व्या आयतीतल्या ‘चालू लागा’ या शब्दापासून कोणी वाचायला सुरुवात केली, तर तो इम्शू म्हणतो, उम्शू नव्हे, जरी श्-वर ‘ऊ’ दिसत असला तरी.

विद्यार्थ्याला मूळ रूप शोधायला लावणे मला जड वाटले. त्याऐवजी एक सोपी वाट सापडली. पुरुषाच्या एकवचनात प्रत्ययच नसतो, त्यामुळे तिथे धातूचा स्वतःचा स्वर उघडा दिसतो : इर्मि, उत्लु, इन्स. आधाराचा स्वर तिथे एकदा ठरवावा आणि उरलेल्या चारही रूपांत तोच ठेवावा. इर्मि, इर्मी, इर्मिया, इर्मू, इर्मीन. उत्लु, उत्ली, उत्लुवा, उत्लू, उत्लून. या दोन ओळी पुस्तिकेत शेजारी-शेजारी दिल्या आहेत.

जाता जाता एक परिचित शब्द. काका आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण ज्याला ‘ये’ म्हणून ओळखतात तो तआल् हा शब्द याच गटातला आहे. लिखित रूप तआल, शेवटी ऱ्हस्व ‘अ’सह. मज्ज़ूम ततआल, एक त- काढला तरी दुसरा ‘त’ स्वरासह उरतो, म्हणून आधाराची गरज पडत नाही. स्त्रीला तआलै, अनेकांना तआलौ. बोलीत ही रूपे तआली आणि तआलू अशी साधी झाली आहेत.

२० ऑगस्ट २०२५

आद्यदुर्बल धातू, परंपरेत मिसाल. हा भाग लवकर आटोपेल असे वाटले होते आणि निम्मा तसा आटोपलाही.

व-क़-फ़् म्हणजे उभे राहणे, थांबणे. चालू रूप तक़िफ़ु, त्यात वाव आधीच गेलेला आहे. आधी त- आणि पुढे ‘इ’कार अशा कोंडीत तो टिकत नाही. मज्ज़ूम तक़िफ़्, आज्ञा क़िफ़्. आधार नको. अनेक अरब देशांत रस्त्यावरच्या ‘थांबा’ या लाल अष्टकोनी फलकावर हाच दोन अक्षरांचा शब्द असतो, आणि हे सांगितल्यावर गटात कोणीही तो विसरले नाही. याच चालीने जिद् (शोधून काढ) आणि सिल् (जोड). हब् म्हणजे ‘दे, बहाल कर’. यात मधे ‘अ’ आहे, तरी वाव गळालेला आहे, कारण तिथे पूर्वी ‘इ’ होता आणि शेजारच्या कंठ्य ‘ह’मुळे त्याचा ‘अ’ झाला, असे जुने व्याकरणकार सांगतात. जिथे ‘अ’ मुळचाच आहे तिथे वाव टिकतो : तौजल् (तू धास्तावतोस) वरून इव्जल्, आणि उच्चारसुलभतेने ईजल्. असे धातू थोडे आहेत, म्हणून एका ओळीत संपवले.

पण चाचणीत ‘थांब’ यासाठी दोघांनी इव्क़िफ़् आणि एकीने औक़िफ़् लिहिले होते. पहिले रूप अरबीत नाही. दुसरे मात्र आहे, आणि त्याचा अर्थ ‘(दुसऱ्याला) थांबव’ असा आहे. तिच्या कागदावर नुसती काट मारून चालणार नाही, कारण तिने नकळत माझ्या नियमाची हद्द दाखवून दिली आहे.

औक़िफ़् हा औक़फ़ या प्रयोजक क्रियापदाचा आज्ञार्थ. त्याचे मज्ज़ूम रूप तूक़िफ़्. माझ्या नियमाने त-सह पहिला भाग काढला तर क़िफ़् उरेल आणि ‘थांब’ व ‘थांबव’ यांत भेदच राहणार नाही. तसेच अर्सल (त्याने पाठवले) याचे मज्ज़ूम तुर्सिल्. नियमाने इर्सिल् व्हावे, पण होते अर्सिल्. पोकळ धातूत हे आणखी ठळक होते : अक़ाम (त्याने उभे केले), मज्ज़ूम तुक़िम्, त- काढून क़िम् उरते, त्याला आधाराची गरजही नाही, तरीही आज्ञा अक़िम् आहे. अंत्यदुर्बलात तुल्क़ि वरून अल्क़ि, ‘टाक’. मूसाला काठी टाकायला सांगितले जाते ते याच शब्दाने.

यामागचे कारण समजले की अपवाद अपवाद राहत नाही. या क्रियापदांत स्वतःचा एक पक्का हम्ज़ा आहे. चालू रूप पूर्वी तुअर्सिलु असे होते. त्यातला ‘अ’ बोलण्यात गळाला आणि तुर्सिलु उरले. आज्ञार्थात तु- गेला की त्या ‘अ’ला गळण्याचे कारण उरत नाही आणि तो परत दिसतो. हा आधाराचा स्वर नसल्यामुळे मागे दुसरा शब्द आला तरी तो गळत नाही : व अर्सिल्, कधीही वर्सिल् नव्हे. ओळखण्याची खूण अशी की मज्ज़ूमाचा आरंभ त-ने न होता तु-ने होतो, आणि आत दुहेरी व्यंजनही नसते, पहिल्या व्यंजनानंतर ‘आ’ही नसतो. तुसाफ़िर् मध्ये ‘आ’ आहे, म्हणून त्याचा आज्ञार्थ नियमाने सरळ साफ़िर्, ‘प्रवास कर’.

सांगाड्यात एक ओळ वाढवली. मला ती वाढवायची नव्हती, पण तिच्याशिवाय नियम खोटा ठरला असता.

२४ ऑगस्ट २०२५

व-क़-य्, म्हणजे वाचवणे, राखणे. पहिले आणि शेवटचे अशी दोन्ही व्यंजने दुर्बल. हा धातू प्रकरणाच्या शेवटी ठेवला आहे, कारण आतापर्यंतचे दोन्ही बदल इथे एकाच रूपात येतात.

चालू रूप तक़ी. वाव आद्यदुर्बलाच्या न्यायाने आधीच गेला. मज्ज़ूम करताना अंत्यदुर्बलाच्या न्यायाने ‘ई’ आखडला : तक़ि. त- काढला : क़ि. पूर्ण आज्ञा, ‘वाचव’, एका व्यंजनाची आणि एका ऱ्हस्व स्वराची. अरबी लिपीत लिहिताना एकच अक्षर उरते. वाक्य तिथेच थांबत असेल तर शेवटी एक मुका ह् जोडून क़िह् म्हणतात आणि लिहितातही, कारण ऱ्हस्व स्वरावर थांबायची रीत नाही आणि स्वर सोडला तर नुसते क़् उरेल. इतर रूपे स्त्रीला क़ी, दोघांना क़िया, अनेक पुरुषांना क़ू, अनेक स्त्रियांना क़ीन.

एकटे क़ि वाचायला क्वचित मिळते. पुढे सर्वनाम जोडलेले रूप मात्र रोज कानावर पडते. व क़िना अज़ाबन्-नार्, ‘आणि आम्हांला आगीच्या यातनेपासून वाचव’, ही दुसऱ्या अध्यायाच्या २०१व्या आयतीतली प्रार्थना आपल्याकडे असंख्य घरांत पाठ असते. गटातल्या दोघींना ती लहानपणापासून येत होती, पण क़िना मध्ये क्रियापद कोणते हे त्यांना सांगता येत नव्हते. फळ्यावर ना म्हणजे ‘आम्हांला’ हे वेगळे केले, तेव्हा मागे फक्त क़ि उरले आणि दोघी काही वेळ त्या एका अक्षराकडे पाहत राहिल्या.

जुळणी करून आलेल्या पानावर ही ओळ हरवलेली आहे. अक्षरजुळणी करणाऱ्याला वाटले की क़ि हे टंकनाच्या चुकीने सुटे पडलेले अक्षर आहे, आणि त्याने ते काढून टाकले. त्यामुळे तक्त्यात पुरुषाच्या एकवचनाचा रकाना रिकामा आला. पान परत पाठवले आहे, आणि रकान्याच्या बाहेर समासात ‘एवढाच शब्द आहे’ असे लिहिले आहे.

२८ ऑगस्ट २०२५

सुधारलेल्या प्रकरणावर आज पुन्हा चाचणी घेतली. या वेळी आज्ञा थेट विचारली नाही. आधी निषेध लिहायचा, मग त्याखाली आज्ञा. निषेधात मज्ज़ूम रूप जसेच्या तसे येते, त्यामुळे जो टप्पा गाळला जात होता तो कागदावर उमटतो. ला तक़ुल्, मग क़ुल्. ला तर्मि, मग इर्मि. ला तन्स, मग इन्स. ला तक़िफ़्, मग क़िफ़्. चूक कुठे झाली हेही लगेच कळते : वरची ओळ चुकली असेल तर मज्ज़ूम येत नाही, वरची बरोबर आणि खालची चूक असेल तर आधाराचा गोंधळ आहे.

उक़ूल् आज एकाही कागदावर नाही. काकांनी ला तक़ूल् लिहून मग स्वतःच ‘ऊ’ खोडून ‘उ’ केला आहे, खोडलेले अजून वाचता येते. एकीने उर्मू लिहिले आहे, म्हणजे आधाराचा स्वर पुरुषाच्या एकवचनावरून घ्यायचा ही सूचना तक्त्याच्या खाली नको, वर हवी. ती वर हलवली.

उरलेली एक चूक वेगळी आहे आणि ती दोघांच्या कागदावर आहे. अनेक स्त्रियांना ‘फेका’ म्हणताना त्यांनी इर्मीन मधला न गाळून इर्मी लिहिले. त्यांनी नियम लावला, पण चुकीच्या न-वर. तर्मीन हे चालू रूप ‘तू (स्त्री) फेकतेस’ आणि ‘तुम्ही (स्त्रिया) फेकता’ या दोन्हींसाठी सारखेच दिसते. पहिल्यात ‘ई’ हा स्त्रीचा प्रत्यय आहे आणि न हा केवळ चालू रूपाची खूण, म्हणून मज्ज़ूमात तो जातो. दुसऱ्यात ‘ई’ ही धातूची स्वतःची या आहे आणि न हाच ‘तुम्ही स्त्रिया’ सांगणारा प्रत्यय आहे. तो गेला तर आज्ञा कोणाला दिली हेच राहणार नाही, म्हणून तो कधीच गळत नाही. सबळ धातूत हे आपोआप कळते, कारण तक्तुबीन आणि तक्तुब्न ही रूपे मुळातच वेगळी आहेत. म्हणून तक्त्यात सबळ धातूच्या या दोन रूपांची ओळ अंत्यदुर्बलाच्या ओळीच्या लगेच वर घेतली आहे, म्हणजे नजर वर गेली की कोणता न कुठला ते दिसेल.

कुल् (खा), ख़ुज़् (घे) आणि मुर् (हुकूम दे) या तीन शब्दांबद्दल आज विचारणा झाली. त्यांचे पहिले व्यंजन हम्ज़ा आहे, वाव किंवा या नाही, आणि त्यांच्या मज्ज़ूमात तो हम्ज़ा शाबूत असतो : ला तअ्कुल्. म्हणजे इथे आज्ञार्थानेच काहीतरी गाळले आहे, मज्ज़ूमाने नाही. या प्रकरणाच्या सूत्रात ते बसत नाहीत, म्हणून ते दहाव्या प्रकरणात हम्ज़ाच्या धातूंबरोबर जातील. त्या प्रकरणाचे पहिले पान उद्या सुरू करायचे आहे.